वीतभर वरची रेघ

सकाळी सव्वासातला मी लोणावळ्याच्या घरातून मोटरसायकल काढतो, तेव्हा शाळेच्या मुली रस्त्याच्या कडेने चाललेल्या असतात. राखाडी स्कर्ट, पांढरा शर्ट. पुढून येणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यांकडे माझं कधी लक्ष गेलं नाही. माझी नजर जाते ती स्कर्टच्या खालच्या काठापासून वीतभर वर. तिथे सगळ्या उभ्या चुण्यांना छेदून जाणारी एक आडवी रेघ असते. सगळ्यांच्या नाही, साठ-सत्तर मुलींच्या. काही स्कर्ट आता धाकट्या बहिणींच्या अंगावर आलेत, काहींचा रंग उडालाय, कंबरपट्टी दोनदा उसवून वाढवलीय. रेघ तशीच आहे. ती मी पाडलेली आहे.

तीन वर्षं झाली. तेव्हाही मी परंदवडीच्या त्याच शेडमध्ये कामाला होतो, आजही आहे. तिथे आम्ही शाळांच्या स्कर्टांना चुण्या पाडतो. शिवण, काज, बटण, कंबरपट्टी हे सगळं दुसरीकडे होतं. आमच्याकडे येतो तो खालचा काठ शिवून झालेला सपाट तुकडा. तो चुण्या पडून परत जातो.

काम हाताचं आहे. जाड पुठ्ठ्याचे दोन साचे असतात, आधीच कागदी पंख्यासारखे मोडलेले. एक साचा टेबलावर ताणून उघडायचा, त्यावर कापड मांडायचं, वर दुसरा साचा घडीत घडी बसेल असा ठेवायचा. मग दोन्हीकडून हळूहळू मिटत आणायचं. कापड पुठ्ठ्याबरोबर दुमडत जातं. फितीने बांधून साचा वाफेच्या पेटीत जातो. तिथे ठरलेला दाब, ठरलेला वेळ. बाहेर काढल्यावर साचा आडवा, सपाट, बांधलेलाच ठेवायचा, पार गार होईपर्यंत.

हे गार होणं लोकांना कळत नाही. पॉलिस्टर हे तापल्यावर सैल होणारं कापड आहे. आत जे लांबलांब धागे एकमेकांना धरून बसलेले असतात, ते उष्णतेत पकड ढिली करतात आणि ज्या आकारात दाबलं असेल त्या आकाराला जुळवून घेतात. गार होताना ती पकड पुन्हा घट्ट होते. तापताना कापड फक्त तयार होतं, घडी बसते ती गार होताना. सुती कापडाची घडी पाण्याच्या शिपक्याने मोडते. पॉलिस्टर पाणी पीत नाही, त्याला धुण्याचं काही वाटत नाही. ज्या उष्णतेवर घडी बसवली तिच्याहून जास्त उष्णता मिळाल्याशिवाय ती जागा सोडत नाही. म्हणून तर शाळा हे कापड घेतात. आई रोज इस्त्री करत बसत नाही.

घडी चांगली आहे की वाईट, हे मात्र कापडाला ठाऊक नसतं.

मांडणीच्या टेबलावर बेडसे गावची एक मावशी होती. पन्नाशी ओलांडलेली, बारीक, कपाळावर हिरवं गोंदण. तिच्याआधी मांडणीला दोघीतिघी येऊन गेल्या, पण तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. कापड टाकलं की डावा तळवा एकदाच वरून खाली फिरवायची, बस. खालची शिवण साच्याच्या रेघेला सूतभरही तिरकी जायची नाही. नव्या मुलींना शिकवायची तीच. शिकवताना तोंड सुरू असायचं.

"अगं, कापडाला गोंजारू नकोस. ते काय बाळ हाय का? ठिव आन् सोड."

मला ती भाऊ म्हणायची, मी तिच्याहून दहा वर्षांनी लहान असूनही. पेटी माझ्याकडे होती. दाबाचा काटा, घड्याळ, साचे आत-बाहेर करणं.

त्या दिवशी सकाळपासून वीज जात-येत होती. दुपारी जेवण झालं आणि मी पेटीमागच्या पोत्यावर टेकलो. डोळा लागला. कारण काही नव्हतं, फक्त झोप आली. उठलो तेव्हा पाऊण तास गेला होता आणि बायलर निवला होता. टेम्पो पाचला येणार होता. शाळा सोमवारी सुरू होत होती आणि कंबरपट्ट्या लावून घ्यायला लोणावळ्याच्या दुकानात माल शनिवारीच पोचायला हवा होता. मावशीने शेवटचे साचे केव्हाच मांडून, बांधून पेटीपाशी ठेवले होते.

मी काटा रोजच्या खुणेच्या पुढे नेला. बराच पुढे. दाब जास्त म्हणजे उष्णता जास्त, वेळ कमी, हिशोब सरळ होता. साचे बाहेर काढले तेव्हा गार करायच्या रॅकवर जागा नव्हती, सकाळचा माल तिथे गार होत पडला होता. जागा करायला दहा मिनिटं लागली असती. मी गरम साचे रॅकच्या खालच्या आडव्या लोखंडी पाइपाला टेकून उभे केले, एकाला एक लागून, ओळीने. वाफेने ओला झालेला पुठ्ठा मऊ असतो. मागच्यांचं वजन पुढच्यांवर आलं आणि सगळे साचे पाइपावर वाकले. मी बघितलं. वाकलेत हे दिसलं. होतील सरळ, असं म्हणून मी हात पुसले.

बायकांची सहा आसनी रिक्षा साडेचारला निघते. त्या गेल्यावर मी पहिला साचा सोडला. उभ्या चुण्या सुरीच्या धारेसारख्या बसल्या होत्या, आणि त्यांना आडवी छेदणारी रेघही तशीच. दुसरा सोडला. तिसरा. पाइपाची उंची प्रत्येक स्कर्टवर उमटली होती. मी साचे पुन्हा बांधले, रॅकवर सपाट ठेवले आणि टेम्पोवाल्याला सांगितलं, माल उद्या सकाळी ने.

सकाळी मालक आधी आले. तळेगावचे, मऊ बोलणारे. त्यांनी स्वतः साचा सोडला.

"हे काय झालं हो?"

आदल्या रात्रभर मी वेगवेगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. तोंडातून सगळ्यात सोपं आलं.

"मांडताना दुमड राहिलेली दिसतेय."

इतकंच. मी तिचं नावही घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही, त्या दिवशी मांडणी ती एकटीच करत होती.

ती नऊला आली. डबा खिळ्याला अडकवला आणि सगळ्यांनी आपल्याकडे बघितलेलं पाहून थांबली. मालकांनी स्कर्ट पुढे केला. तिने तो खिडकीपाशी नेला, मग दुसरा घेतला, दोन्ही काठाला काठ लावून धरले.

"शेठ, हे मांडणीचं न्हाई. माजी दुमड राह्यली आसती तर एकाला वर, एकाला खाली, एकादं तिरकं. हितं बगा, समदी एकाच जागी. इतका सारका हात माजा तरी चालत न्हाई."

कोणीतरी हसलं. टेबलाच्या त्या टोकाला तिच्या हाताखाली शिकलेली, तिच्याच गावातल्या दुसऱ्या घरची एक सून होती. ती म्हणाली, "मावशे, वय झालं आता. चष्मा लाव."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कापडातलं फार कळत नव्हतं, ते माझ्यावर विसंबून होते. मी म्हणालो, "साचाच तसा लावला असेल. एकदा चुकलं की सगळे तसेच जातात."

हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. ते पूर्ण खोटं आहे, प्रत्येक तुकडा वेगळा मांडला जातो.

मग रेघ काढायचा प्रयत्न झाला. दोन स्कर्ट पुन्हा साच्यात घालून रोजच्या दाबाने पेटीत ठेवले. सपाट गार केले. उघडले तर रेघ जागच्या जागी. एकावर ओलं फडकं टाकून जड इस्त्री दाबली. रेघ थोडी फिकी झाली, पण आजूबाजूच्या चुण्या पसरल्या आणि तिथे चकाकी आली. इस्त्रीला काय माहीत, कोणती घडी ठेवायची आणि कोणती मोडायची? दोन्ही एकाच वाफेत बसलेल्या.

एक उपाय कदाचित होता. चांगल्या, सरळ साच्यात घालून आदल्या दिवशीच्या उष्णतेहूनही वर न्यायचं. थोडं आटलं असतं, रंग जरा बदलला असता, पण रेघ बरीच गेली असती. मात्र त्यासाठी काटा काल कुठे होता, ते मला सांगावं लागलं असतं. मी सांगितलं नाही. मालक दुकानदाराला फोनवर म्हणाले, दोन धुण्यांत जाईल. माल गेला.

दुपारी ती पेटीपाशी आली. बाकीच्या जेवत होत्या. पेटीच्या दारावर तिने तळहात ठेवला, कापडावर ठेवायची तसाच.

"भाऊ, रोजच्या वाफंला जात न्हाई ती रेघ. म्हंजी ती रोजच्या वाफंची न्हवती."

मी काट्याकडे बघत राहिलो.

"म्या काय शाळा शिकले न्हाई," ती म्हणाली, "पर येवडं कळतंय."

ती उभी राहिली. मी काही बोलेन म्हणून उभी राहिली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मग ती गेली.

तिला काढलं नाही. मालक तसे नव्हते. मांडणीवरून उठवून धागे कापायला बसवलं, खाली गोणपाटावर, नव्या मुलींच्यात. मांडणीला ती चष्मा लाव म्हणणारी सून आली. जेवताना बायका थट्टा करायच्या. भाकरी दुमडली तरी, "आली गं मावशीची दुमड." ती पहिले काही दिवस हसली. पंधरा दिवसांनी यायची बंद झाली. खिळ्यावर डबा अडकवायला तिने कायमची एक सुतळी बांधली होती. ती कोणी काढली नाही.

माझी मुलगी त्याच शाळेत आहे. तिचा स्कर्टही त्याच मालातला निघाला. मी काही ठरवून आणला नव्हता. बायकोने दुकानातून आणला आणि पिशवीतून काढताच मला रेघ दिसली.

त्यानंतर दर रविवारी दुपारी आमच्या घरात तो स्कर्ट इस्त्रीच्या टेबलावर असायचा. बायको पाणी शिंपडायची, फडकं टाकायची, कुणी सांगितलं म्हणून व्हिनेगरचा हात फिरवायची. रेघ फिकी व्हायची, गेल्यासारखी वाटायची. सोमवारी शाळेतून आल्यावर पुन्हा उगवलेली. भुशीकडच्या रस्त्यावर एकदा पावसात स्कर्ट पार भिजला, आम्ही तो दांडीवर टाकला, आणि वाळल्यावर चुण्या जशाच्या तशा, रेघ जशीच्या तशी. बायको म्हणाली, "काय कापड आहे! मेलं तरी विसरणार नाही."

मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, तुमच्याच शेडमधलं ना हे? त्या बाईला सांगा ना, नीट मांडत जा म्हणून."

त्या बाईला. मी घरीही तेच सांगितलं होतं.

मला तेव्हापासून रेघा दिसू लागल्या. चादरीवर, वर्तमानपत्रावर, डोंगराच्या कड्यावर धुकं जिथे संपतं तिथे. डोळे मिटले की खिडकीच्या उजेडात काठाला काठ लावून धरलेले दोन स्कर्ट, आणि त्यांच्यामागे हात दिसायचे, चेहरा नाही. शेडमध्ये पेटीचं दार बंद करताना पाठीमागे कोणी उभं आहे असं वाटायचं. वळून बघायचो. सुतळी असायची.

गेल्या दिवाळीच्या आधी, सहामाही परीक्षेच्या सुमारास, बायकोने एका रविवारी इस्त्रीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मी आतल्या खोलीत होतो. वास आधी आला. धावत गेलो तर रेघेच्या जागी हातभर पट्टा चकाकत होता, कापड कडक होऊन आक्रसलेलं, चुण्या तिथे वितळून एकमेकींना चिकटलेल्या. मुलगी रडायला लागली, सोमवारी पेपर होता.

बायको इस्त्री आपटून म्हणाली, "त्या बाईचे हात झडोत!"

"ती नव्हती," मी म्हणालो. "मी होतो."

सगळं सांगितलं. झोप, काटा, पाइप, मालकांना बोललेलं वाक्य. मुलगी रडायची थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. बायकोने प्लग काढला.

"आणि मी तीन वर्षं तिला शिव्या देतेय," ती म्हणाली. "तिला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

पुढच्या रविवारी मी बेडशाला गेलो. भातकापणी सुरू होती. ती खळ्यावर होती, पेंढ्या लाकडी फळीवर झोडत. मला पाहून तिचे हात थांबले नाहीत.

"भाऊ? वाट चुकला का?"

मी उभ्यानेच बोललो. पाठ करून आलो होतो, तरी मधेच अडखळलो. ती झोडत राहिली. माझं संपल्यावर तिने पेंढी बाजूला टाकली, दुसरी उचलली.

"हे मला सांगून काय व्हनार?"

"मावशी, माझ्या मनाला..."

"तुमच्या मनाचं ऱ्हाऊ द्या. मला म्हाईतच व्हतं. पयल्या दिवशीच म्हाईत व्हतं. जिला म्हाईत हाय तिलाच सांगाया आलात व्हय?" तिने पेंढी दोनदा आपटली. "ती सून माज्या घरावरून जाती. तीन वर्सं झाली, माज्याकडं बगून हासती. परवा पानवट्यावर म्हनाली, मावशी, डोळं तपासलं का? माजा हात चुकला आसं समद्या मावळात झालंय. ज्यांना सांगितलं व्हतं, त्यांना सांगा."

"सांगतो."

"न्हाई तर जावा. भात पडलंय माजं."

मी मालकांना आधी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तीन वर्षं झाली त्याला. कशाला उकरता आता? माल तर गेला."

"जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं द्या."

"काटा किती होता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या दाबाने ती पेटी फुटूही शकली असती, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. पेटीची किल्ली त्यांनी तिथेच माझ्याकडून मागून घेतली.

दुपारी बायका डबे उघडून बसल्या होत्या. मी उभा राहिलो आणि सांगितलं, त्याच क्रमाने. नव्या मुलींनी तिला पाहिलंही नव्हतं, त्या एकमेकींना कोपराने विचारत होत्या, कोण, कोण मावशी? मांडणीवरची ती सून हातातला घास तसाच धरून बसली होती.

"म्हंजी तिचं चुकलंच न्हवतं?"

"नाही."

"आन् तुमी तितं हुबं राहून ऐकत व्हता? आमी तिला बोलताना?"

"हो."

तिने घास डब्यात टाकला. "मी तिला पोरीच्या बारशाला बोलावलं न्हाई. म्हनलं, नाट लावंल." ती एकदम उठली. "लावा. आत्ता लावा फोन तिला. हितंच, समद्यांच्या समोर. मोठ्यानं ऐकू येतं तसं करा."

मी लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग तिचा आवाज, मागे झोडण्याचा आवाज.

"कोन? बोला पटदिशी, हातात पेंढी हाय."

"मावशी, मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्या इथेच आहेत."

पलीकडचं झोडणं थांबलं. मला वाटलं, फोन कट झाला.

सून पुढे आली आणि माझ्या हातातल्या फोनवर वाकली. "मावशे..." म्हणाली आणि रडायला लागली.

"कोन, तू व्हय?" मावशी म्हणाली. "रडतीस कशाला? ऐक. आता मांडतीस ना तू? खालचा साचा वलसर झाला की बदलतीस का न्हाई? गडी मानूस सांगनार न्हाई तुला. वला पुठ्ठा टेबलावर घ्याचाच न्हाई."

"बदलते."

"किती दिसांनी?"

मग दुसरी बोलली, मग तिसरी. नव्या मुलीही जवळ आल्या. एकीने विचारलं, शिवण जाड असली की काठ वर उचलला जातो, त्याला काय करायचं? मावशी सांगत राहिली. मधेच कोणाला तरी शिवी हासडली आणि सगळ्या हसल्या. मी फोन धरून मध्येच उभा होतो. तो माझ्याकडून घ्यावा असं कोणाला सुचलं नाही, आणि खाली बसा असंही कोणी म्हणालं नाही. हात भरून आला तेव्हा मी तो दुसऱ्या हातात घेतला आणि थोडा खाली धरला, त्यांना नीट ऐकू यावं म्हणून.